चॅटबॉटची पोच: आतली सूचना इंग्रजीत, ग्राहक मराठीत, मग उत्तर कोणत्या भाषेत?

एखाद्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर तुम्ही मराठीत तक्रार लिहिता आणि पहिलं उत्तर इंग्रजीत येतं. कधी पुढचं सगळं बोलणं मराठीत होतं, पण ती पहिली ओळ मात्र इंग्रजीच राहते. असं का होतं, ती ओळ कोणत्या भाषेत असायला हवी आणि बॉट चालवणाऱ्याने त्यासाठी नेमकं काय करायचं, हे या लेखात पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. हल्लीचे बॉट मोठ्या भाषा-मॉडेलवर चालतात. बॉट सुरू करताना मालक किंवा त्याचा प्रोग्रामर मॉडेलसाठी एक मजकूर लिहून ठेवतो: तू कोणासाठी काम करतोस, काय विचारायचं, काय टाळायचं. याला सिस्टीम प्रॉम्प्ट म्हणतात. आपण त्याला 'आतली सूचना' म्हणू, कारण ग्राहकाला ती कधीच दिसत नाही. दुसरा शब्द 'पोच'. तक्रार किंवा विनंती आल्यावर 'मिळाली, पुढे असं होईल' एवढं सांगणारं जे छोटं उत्तर जातं, ती पोच. टपालाच्या पोचपावतीतला शब्द इथे अगदी चपखल बसतो.

सूचना मालकाची, पोच ग्राहकाची

आतली सूचना बहुधा इंग्रजीतच असते, आणि त्यात वावगं काही नाही. प्रोग्रामरला इंग्रजीत लिहिणं सोयीचं जातं. तीच सूचना नंतर दुसऱ्या राज्यातल्या शाखेत वापरायची असते, आणि तपासणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही. पण ही सोय मालक आणि यंत्र यांच्यामधली आहे. पोच जाते ग्राहकाकडे. म्हणून सूचना इंग्रजीत आहे एवढ्यावरून पोचेची भाषा ठरत नाही. ती ठरते ग्राहकाने ज्या भाषेत लिहिलं त्यावरून. कचेरीतल्या साहेबांनी शिपायाला हिंदीत सांगितलं, 'बाहेरच्या बाईंना अर्ज मिळाल्याचं कळव', आणि बाई मराठी बोलत असतील, तर शिपाई त्यांना मराठीतच सांगतो. साहेबांनी 'मराठीत सांग' असं म्हटलं नव्हतं म्हणून तो हिंदीत सुरू होत नाही.

याला अपवाद एकच: सूचनेत भाषेबद्दल स्पष्ट काही लिहिलं असेल तर. 'उत्तरं फक्त इंग्रजीत द्या' असं वाक्य सूचनेत असेल, तर ती मालकाची निवड आहे आणि पोचही इंग्रजीतच जाईल. त्याला कारणंही असू शकतात. कदाचित मराठी उत्तरं तपासायला त्याच्याकडे माणूस नसेल. म्हणजे 'इंग्रजीत लिहिलेली सूचना' आणि 'इंग्रजीत उत्तर द्या अशी सूचना' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉटची बहुतेक चूक या दोन्हींना एकच समजण्यात असते.

एक उदाहरण

समजा, सौर पंपांची दुरुस्ती करणारी एक छोटी कंपनी आहे. ग्राहक बहुतेक शेतकरी. तिच्या बॉटची आतली सूचना अशी आहे:

```
You are the service desk for solar pump owners.
When a complaint comes in, acknowledge it first.
Then ask for the controller serial number.
Be brief and polite.
```

एका शेतकऱ्याचा निरोप येतो: 'साहेब, कालपासून पंप पाणी उचलत नाही. कंट्रोलरवर लाल दिवा लागतोय.' बॉटकडून इंग्रजीत आभार मानणारी एक ओळ जाते आणि तिच्याखाली मराठीत अनुक्रमांक विचारला जातो. शेतकऱ्याला पहिली ओळ जाहिरातीसारखी वाटते. कंपनीच्या आभाराच्या इंग्रजी निरोपांची त्याला सवय असते, आणि त्यांच्याखाली कामाचं काही नसतं हेही त्याला माहीत असतं. त्यामुळे खालचा प्रश्न तो वाचतच नाही. कंपनीच्या यादीत तक्रार 'अनुक्रमांकाची वाट पाहत आहे' या खान्यात पडून राहते आणि तिकडे उभं पीक पाण्यासाठी थांबलेलं असतं.

मॉडेलला मराठी येत नव्हतं म्हणून हे घडलं का? नाही, दुसरी ओळ त्याने मराठीतच लिहिली. घडलं ते असं. मॉडेल उत्तर लिहितं तेव्हा त्याच्यासमोरचा सगळा मजकूर एकत्र असतो: इंग्रजी सूचना, तिच्यासोबत कधी पानभर इंग्रजी माहिती, आणि शेवटी दोन ओळींचं मराठी. शिवाय ज्या मजकुरावर मॉडेल शिकलं त्यात ग्राहकसेवेच्या ठरीव वाक्यांचा ढीग इंग्रजीतच होता. पोच हे असंच ठरीव वाक्य. ज्या वाक्यात विचार करण्यासारखं कमी असतं, तिथे सवयीची भाषा आधी पुढे येते. अनुक्रमांक विचारताना मात्र लाल दिवा, कंट्रोलर अशा ग्राहकाच्याच शब्दांना धरून लिहावं लागतं, म्हणून तिथे मराठी परत येते. भाषा घसरण्याची शक्यता पोचेत सगळ्यांत जास्त असते ती यामुळे.

उपाय छोटा आहे. सूचना मराठीत भाषांतर करून लिहायची गरज नाही. तिच्यात ही चार वाक्यं घालायची:

```
Write everything the user sees, including the first acknowledgement,
in the language and script of the user's own words.
If a message has no clear language (a number, a photo, "ok"),
keep the language used so far.
Copy serial numbers and error codes exactly.
Write the internal ticket in English.
```

यातला 'पहिल्या पोचेसह' हा तुकडा मुद्दाम घातला आहे. नुसतं 'ग्राहकाच्या भाषेत उत्तर द्या' लिहिलं तर मॉडेल मुख्य उत्तर मराठीत देतं, पण सुरुवातीचा आभाराचा शब्द इंग्रजीत राहून जाऊ शकतो. शेवटची ओळही तितकीच कामाची. कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी जी आतली नोंद तयार होते, ती इंग्रजीत राहू द्यायला हरकत नाही, कारण ती ग्राहक वाचत नाही. कोण काय वाचणार हे वेगळं करून सांगितलं की गोंधळ बराच कमी होतो.

'काही भाषा नसलेला निरोप' ही ओळ का हवी, तेही याच उदाहरणात दिसेल. पोच मराठीत गेली, शेतकऱ्याने प्रश्न वाचला आणि कंट्रोलरच्या पेटीवरचा अनुक्रमांक पाहून फक्त एवढंच पाठवलं: `SP-4471`. आता शेवटच्या निरोपात मराठीचा एक शब्द नाही. आहेत ती रोमन अक्षरं आणि आकडे. 'शेवटच्या निरोपाची भाषा धरा' एवढीच सूचना असेल तर बॉट इथे पुन्हा इंग्रजीवर जाऊ शकतो. अनुक्रमांक, 'ओके', अंगठ्याचं चिन्ह, फोटो, ठिकाणाचा नकाशा यांतून भाषेचा काहीच पुरावा मिळत नाही. अशा वेळी आधी जी भाषा चालू होती तीच पुढे न्यायची.

मराठी ओळखायची कशी?

देवनागरीत लिहिलेलं म्हणजे मराठी, असं धरता येत नाही. हिंदी, नेपाळी आणि देवनागरी कोंकणीही याच लिपीत लिहितात, आणि संगणकाच्या युनिकोड तक्त्यात या सगळ्यांची अक्षरं एकाच कप्प्यात, `U+0900` ते `U+097F` मध्ये, येतात. लिपी बघून भाषा ठरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामात म्हणूनच मराठी माणसाला हिंदीत पोच जाते. काही जणांना हिंदी पोच चालते, पण बऱ्याच जणांना ती इंग्रजीपेक्षाही जास्त खटकते.

खरी ओळख क्रियापदात आणि प्रत्ययात असते. 'आहे', 'नाही', 'झालं', 'पाहिजे', 'मला', 'माझा' हे शब्द आणि 'ला, ने, चा, त' हे नामाला चिकटून येणारे प्रत्यय मराठीची खूण सांगतात. हिंदीत 'है', 'नहीं', 'मुझे', आणि 'को, से, का, में' हे नामापासून सुटे लिहिले जातात. 'ळ' हे अक्षरही उपयोगी आहे. प्रमाण हिंदी लेखनात ते जवळजवळ येत नाही. पण कोंकणीत 'ळ' भरपूर आहे, म्हणून गोव्यातली सेवा असेल तर एवढ्यावर थांबता येत नाही. मराठीत 'आहे' तिथे कोंकणीत 'आसा' येतं, अशा शब्दांकडे पाहावं लागतं. गोव्यात राजभाषा कोंकणी आहे आणि शासकीय कामकाजासाठी मराठीलाही कायद्याने जागा आहे. म्हणजे दोन्ही भाषांतले निरोप येणार, हे तिथे धरूनच चालायचं.

इंग्रजी शब्दांची संख्या मात्र मोजू नये. 'मीटर रीडिंग राँग आहे, बिल रिव्हाइज करून द्या' या वाक्यात नामं बहुतेक इंग्रजी आहेत, तरी वाक्य मराठी आहे, कारण 'आहे' आणि 'करून द्या' यांनी ते उभं केलं आहे. त्याचप्रमाणे कोणी स्क्रीनवरची इंग्रजी चूक जशीच्या तशी चिकटवली आणि खाली 'हे असं येतंय, काय करू?' एवढंच लिहिलं, तर मजकुराचा मोठा भाग इंग्रजी असला तरी माणूस मराठीत बोलतो आहे. चिकटवलेला भाग बाजूला ठेवून त्याचे स्वतःचे शब्द बघायचे. वरच्या सूचनेत `own words` हे शब्द म्हणूनच आहेत.

फोनची भाषाही पुरावा नाही. मराठीत लिहिणाऱ्या कित्येकांचा फोन इंग्रजीवर लावलेला असतो. संकेतस्थळावरचा बॉट असेल तर ब्राउझर `en-IN` असा संकेत पाठवतो आणि माणूस मात्र मराठीत लिहितो. या दोन्हींत विरोध असेल तेव्हा माणसाने लिहिलेलं खरं धरावं. संकेत फोनच्या मांडणीचा असतो, तोही कधीतरी दुकानदाराने करून दिलेल्या.

आता रोमन लिपीतली मराठी. `maza pump chalu hot nahi` असं लिहिणारा मराठीतच लिहितो आहे, याबद्दल वाद नसावा. प्रश्न उरतो तो पोच `tumchi takrar milali` अशी द्यावी की 'तुमची तक्रार मिळाली' अशी. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. महाराष्ट्रात शाळा झालेला माणूस बहुधा टंकायला सोपं म्हणून रोमन वापरतो आणि देवनागरी सहज वाचतो. रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंगही नाही. `aahe` की `ahe`, `zala` की `jhala`, यावर मॉडेलही डळमळतं आणि लांब मजकूर वाचताना दम लागतो. उलट परदेशात वाढलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी न शिकलेल्या मुलांना देवनागरी पोच म्हणजे नुसती चित्रंच. माझं मत असं: दुसरी काही माहिती नसेल तर ग्राहकाची लिपी धरावी, कारण ती त्याला वाचता येते एवढं तरी नक्की असतं. महाराष्ट्रापुरती सेवा असेल आणि मालकाला देवनागरीच हवी असेल, तर तसं सूचनेत लिहावं. पण कोणत्याही लिपीत असो, ती पोच मराठीच असावी. रोमन अक्षरं दिसली म्हणून इंग्रजीत उत्तर देणं ही चूकच.

आणि पहिलाच निरोप नुसता `Hi` असेल तर? त्यातून काही ठरत नाही. मराठीत टंकणारेही सुरुवात `Hi` नेच करतात. इथे मालकाने पहिली ओळ दोन्ही भाषांत ठेवावी, आणि ग्राहकाचं पहिलं पूर्ण वाक्य येईपर्यंत भाषा ठरली असं धरू नये.

सूचनेतच इंग्रजी वाक्य दिलं असेल तर

हा प्रसंग जास्त नाजूक आहे. सूचनेत पुष्कळदा पोचेचं वाक्यच दिलेलं असतं:

```
Acknowledge with: "We have received your request.
Our team will contact you within 2 working days."
```

हे वाक्य जसंच्या तसं पाठवायचं आहे की त्याचा अर्थ पोचवायचा आहे? लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अर्थच असतो. त्याने इंग्रजी सूचना लिहिताना नमुनाही ओघाने इंग्रजीत लिहिला. 'दोन कामकाजाच्या दिवसांत संपर्क' हे वचन महत्त्वाचं आहे, ते बदलता कामा नये. भाषा बदलली तर चालते. पण `exactly` किंवा `verbatim` असा शब्द जोडलेला असेल, किंवा वाक्य कर्ज, विमा, परतावा अशा व्यवहारातल्या अटीचं असेल, तर शब्द हलवू नयेत. मंजूर झालेला मजकूर तोच असतो. अशा ठिकाणी मूळ वाक्य ठेवावं आणि त्याच्या आधी मराठीत एका ओळीत सांगावं की विनंती मिळाली आहे आणि खालचा मजकूर कंपनीच्या अटीचा आहे. मालकाने दोन्ही भाषांतला मंजूर मजकूर सूचनेत ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि अटींच्या बाबतीत तोच खरा उपाय आहे.

ग्राहक मराठीत लिहून इंग्रजी वस्तू मागतो, तेव्हाही दोन भाषा वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'मला बँकेला इंग्रजीत अर्ज लिहून द्या' असं मागितलं, तर अर्ज इंग्रजीत आणि 'अर्ज खाली दिला आहे, खातं क्रमांक तुम्ही भरा' ही ओळ मराठीत. पोच ग्राहकाशी बोलते, अर्ज बँकेशी.

इंग्रजी बोलायचा सराव करून घेणारा बॉट मात्र वेगळा. तिथे इंग्रजी हेच काम असतं, म्हणून सूचनेचा हेतू बघून पोचही इंग्रजीत दिली तर चालतं. शिकणारा अडखळून मराठीत प्रश्न विचारत असेल, तर समजुतीपुरती मराठी हवी.

मराठी पोचेत इंग्रजी सूचना काय सांगत नाही

भाषा बरोबर निवडली तरी काम संपत नाही. मराठी वाक्य लिहायला ज्या काही गोष्टी ठरवाव्या लागतात, त्या इंग्रजी सूचनेत लिहिलेल्याच नसतात, कारण इंग्रजीला त्या लागत नाहीत.

पहिली गोष्ट संबोधनाची. इंग्रजीत `you` एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण. ग्राहकसेवेत 'तू' कधीच नको. 'तुम्ही' आणि 'आपण' यांतलं एक निवडून ते शेवटपर्यंत टिकवावं. 'आपली तक्रार मिळाली, तुमचा क्रमांक पाठवा' अशी सरमिसळ भाषांतरित मजकुरात फार दिसते.

दुसरी 'आम्ही' आणि 'आपण' यांची. `We will check` याचं मराठी 'आपण तपासू' केलं तर ऐकणाऱ्यालाही कामात धरलं जातं. शेतकऱ्याला वाटेल, मलाही काहीतरी उघडून बघायचं आहे. कंपनी तपासणार असेल तर 'आम्ही तपासतो' असंच हवं. इंग्रजीत हा फरक दिसत नाही, म्हणून सूचना लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरी लिंगाची. 'मी नोंद करतो' की 'मी नोंद करते'? इंग्रजी सूचनेत याचं उत्तर नसतं, आणि मग मॉडेल एका निरोपात पुरुष आणि पुढच्या निरोपात बाई होतं. साधी वाट म्हणजे 'मी' टाळणं: 'नोंद झाली', 'फोटो मिळाला', 'अनुक्रमांक कळवा'. ही वाक्यं लहानही होतात. ग्राहकाच्या बाबतीत 'तुम्ही'ची रूपं स्त्री-पुरुष बहुतेक सारखीच असतात, तिथे अडचण कमी. 'साहेब', 'ताई', 'दादा' अशी हाक मात्र बॉटने स्वतःहून मारू नये.

चौथी गोष्ट खुद्द `acknowledge` या शब्दाची, आणि हिचे परिणाम सगळ्यांत गंभीर. या इंग्रजी शब्दात दोन अर्थ आहेत: मिळाल्याचं कळवणं आणि मान्य करणं. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, पोच आणि कबुली. `We acknowledge your complaint` याचं 'तुमची तक्रार आम्हाला मान्य आहे' असं मराठी झालं, तर कंपनीने दोष कबूल केला असा अर्थ निघतो. उद्या पंप मोफत बदलून द्या म्हणून शेतकरी तोच निरोप दाखवेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. 'तक्रार मिळाली' किंवा 'तक्रार नोंदवली' एवढंच म्हणावं. उलट टोकाला 'काम झालं' हेही नको. नोंद झाली आहे, दुरुस्ती झालेली नाही.

चूक कुठे आहे हे कसं कळेल?

बॉट लोकांसाठी उघडण्याआधी स्वतः दहाएक निरोप पाठवून पाहावेत: शुद्ध मराठी, इंग्रजी शब्द मिसळलेली मराठी, रोमन मराठी, नुसतं `Hi`, चिकटवलेल्या इंग्रजी चुकीसोबत मराठी ओळ, मराठी संवादाच्या मध्येच फक्त क्रमांक, हिंदी, आणि खरोखरचं इंग्रजी. शेवटचं विसरू नये. मराठीसाठी सूचना कडक केली की इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही मराठी पोच जाऊ लागते, आणि ती चूक तितकीच मोठी. प्रत्येक निरोप दोन-तीनदा पाठवावा, कारण मॉडेलचं उत्तर दर वेळी तेच येत नाही. उत्तरांची फक्त पहिली ओळ वाचत गेलं तरी बरंच कळतं.

कधी असं होतं की सूचना सुधारली, चाचणी केली, तरी पहिली ओळ इंग्रजीच. अशा वेळी ती ओळ अक्षरशः दर वेळी तीच आहे का ते बघा. स्वल्पविरामापर्यंत सारखी असेल तर ती मॉडेलने लिहिलेलीच नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये स्वागताचा आणि अनुपस्थितीचा निरोप वेगळा लिहून ठेवता येतो, तो ठरलेल्या वेळी आपोआप जातो आणि आतल्या सूचनेला विचारत नाही. तो निरोप सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावा लागतो. तिथे भाषा ओळखायची सोय नसल्याने मराठी आधी आणि इंग्रजी नंतर, अशा दोन छोट्या ओळी ठेवणं बरं.

पोच एसएमएसने जात असेल तर इंग्रजी टिकून राहण्याचं कारण पैशाचं असू शकतं. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'आपण केलेल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून लवकरच आमचा प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधेल.' हे वाक्य ८८ भरतं, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. 'तुमची तक्रार मिळाली. क्रमांक 20817. मेकॅनिक 2 दिवसांत येईल.' हे ५९ मध्ये बसतं, आणि त्यात क्रमांक आणि मुदत दोन्ही आहेत. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी नोंदणीत मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे मराठी पोचेचा नमुना इंग्रजीबरोबर वेगळा नोंदवावा लागेल. तो नोंदवलेला नसेल, तर बॉटने भाषा कितीही बरोबर ओळखली तरी एसएमएस इंग्रजीच जाणार.